विन रेट आणि रिस्क-रिवॉर्ड: आपली स्ट्रॅटेजी खरंच पैसे कमावते का, हे स्वतःच्या ट्रेडबुकवरून कसं तपासायचं

इंट्राडे सुरू करून तीन महिने झाले, तेव्हा मी पहिल्यांदा वही घेऊन हिशोबाला बसलो. साठ ट्रेड झाले होते. त्यातले सत्तावीस फायद्यात, तेहतीस तोट्यात, म्हणजे विन रेट ४५ टक्के. प्रत्येक ट्रेडमध्ये मी हजार रुपयांचा स्टॉपलॉस आणि दोन हजारांचं टार्गेट ठरवत होतो, म्हणजे रिस्क-रिवॉर्ड १:२. कागदावर गणित मांडलं: सत्तावीस गुणिले दोन हजार, वजा तेहतीस गुणिले एक हजार. उत्तर आलं २१,००० रुपये फायदा. आणि खात्यातून प्रत्यक्षात ९,२१० रुपये गेले होते.

तीस हजारांचा हा फरक कुठे गेला, ते शोधायला मला दोन आठवडे लागले. तुमचे ते दोन आठवडे वाचावेत म्हणून मी केलेलं काम पायरीपायरीने लिहितो आहे. उदाहरण एनएसईवरच्या कॅश सेगमेंटमधल्या इंट्राडेचं आहे, कारण माझा अनुभव तिथला आहे. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये खर्चाचे दर वेगळे असतात, पण पद्धत हीच लागू पडते.

## आधी हे जवळ घ्या

- ब्रोकरच्या वेबसाइटवरून उतरवलेली ट्रेडबुक, एक्सेल किंवा सीएसव्ही स्वरूपात. निदान साठ ट्रेडची असावी.
- त्याच काळातल्या कॉन्ट्रॅक्ट नोट्स. त्या रोज संध्याकाळी ईमेलवर येतात आणि बहुतेक जण त्या उघडतही नाहीत. खरा खर्च तिथेच लिहिलेला असतो.
- प्रत्येक ट्रेडच्या वेळी ठरवलेला मूळ स्टॉपलॉस आणि टार्गेट. हे ट्रेडबुकमध्ये नसतं. लिहून ठेवलेलं नसेल तर ऑर्डर बुकमध्ये पहिली एसएल ऑर्डर कितीची होती ते सापडतं का पाहा. ऑर्डर बुक अनेक ठिकाणी त्याच दिवसापुरतीच दिसते, म्हणून आजपासून हे वहीत लिहायला सुरुवात करा.
- एखादी स्प्रेडशीट आणि जुने पाच मिनिटांचे चार्ट दाखवणारं कुठलंही ॲप.

## १. एका ट्रेडमधला धोका रुपयांत लिहा

माझी पद्धत साधी होती. सकाळच्या पहिल्या पंधरा मिनिटांचा हाय तुटला की खरेदी. समजा शेअर ६०० रुपयांना घेतला, स्टॉपलॉस ५९५, टार्गेट ६१०. पुढेही सगळे ट्रेड सोयीसाठी याच आकड्यांत मांडतो आहे. शेअरमागे पाच रुपयांचा धोका. मला एका ट्रेडमध्ये हजाराच्या वर घालवायचे नव्हते, म्हणून हजार भागिले पाच, दोनशे शेअर.

संख्या अशी धोक्यावरून काढा, खात्यात मार्जिन किती आहे त्यावरून नाही. एका ट्रेडला ४०० रुपयांचा धोका आणि दुसऱ्याला ३,००० चा असेल, तर विन रेट या आकड्याला अर्थच उरत नाही. चार छोटे जिंकून एक मोठा हरलात तर विन रेट ८० टक्के दिसतो, खातं मात्र खाली गेलेलं असतं.

## २. किती टक्के जिंकायलाच हवं, ते काढा

पाच रुपये धोक्यात घालून दहा मिळवायचे असतील, तर तीन ट्रेडमध्ये एक जिंकला आणि दोन हरले की हिशोब शून्यावर येतो. म्हणजे ना नफा ना तोटा यासाठी लागणारा विन रेट ३३.३ टक्के. याला ब्रेकइव्हन विन रेट म्हणतात. सूत्र असं:

```
ब्रेकइव्हन = सरासरी तोटा / (सरासरी तोटा + सरासरी नफा)
```

१:१ असेल तर ५० टक्के, १:२ ला ३३.३, १:३ ला २५. इथवर सगळ्या व्हिडिओंमध्ये सांगतात. पुढचं फारसं कुणी सांगत नाही, आणि नवीन माणूस नेमका तिथेच फसतो.

समजा तुमच्या एन्ट्रीत काहीच दम नाही, नाणं उडवून खरेदी केल्यासारखी आहे. शेअर ६०० वर आहे, खाली पाच रुपयांवर स्टॉप, वर दहा रुपयांवर टार्गेट. भाव वर-खाली जायची शक्यता सारखीच असेल तर आधी ५९५ येण्याची शक्यता दोन तृतीयांश आणि आधी ६१० येण्याची एक तृतीयांश निघते. एक तृतीयांश म्हणजे ३३.३ टक्के, बरोबर ब्रेकइव्हनचाच आकडा. टार्गेट ६१५ वर नेलं, १:३ केलं, तर ते आधी येण्याची शक्यता २५ टक्क्यांवर उतरते. पुन्हा नेमका ब्रेकइव्हन.

विन रेट आणि रिस्क-रिवॉर्ड कावडीच्या दोन टोकांसारखे बांधलेले आहेत. एक टोक वर उचललं की दुसरं आपोआप खाली जातं. टार्गेट लांब ठेवून १:३ मिळवलं यात कमाई काहीच नाही, कारण तितक्याच मापाने विन रेट घसरलेला असतो. पैसा मिळतो तो तुमची एन्ट्री या नाण्याच्या आकड्यापेक्षा जितकी वरचढ असेल तितकाच. म्हणून "किमान १:२ घ्या, पैसे होतातच" असं कुणी सांगितलं तर त्याला एवढंच विचारा, "त्या १:२ ला तुमचा विन रेट किती, आणि किती ट्रेडवर मोजलाय?"

## ३. खर्च दोन्ही बाजूंना लावा

आता कॉन्ट्रॅक्ट नोट उघडा. वरच्या ट्रेडमध्ये दोनशे शेअर ६०० ला घेतले, म्हणजे खरेदी १,२०,००० ची आणि विक्रीही साधारण तेवढीच. डिस्काउंट ब्रोकरकडे माझा खर्च असा पडत होता: ब्रोकरेज दोन्ही बाजूंचे मिळून ४० रुपये. विक्रीवर एसटीटी ०.०२५ टक्के, म्हणजे ३०. एक्स्चेंजचे शुल्क दोन्ही बाजूंवर ०.००३ टक्क्यांच्या जरा आत, म्हणजे सुमारे ७. खरेदीवर स्टँप ड्युटी ०.००३ टक्के, साडेतीन रुपयांच्या आसपास. ब्रोकरेज आणि शुल्कांवर १८ टक्के जीएसटी, साडेआठ. सेबीचं शुल्क पैशांत. सगळं मिळून ९० रुपये. दर अधूनमधून बदलतात, म्हणून माझे आकडे न घेता तुमच्या नोटवरचेच घ्या.

हजाराच्या धोक्यापुढे नव्वद रुपये किरकोळ वाटतात. पण ते जिंकलात तरी जातात आणि हरलात तरी जातात. नफा २,००० चा १,९१० होतो, तोटा १,००० चा १,०९० होतो. ब्रेकइव्हन निघतो १,०९० भागिले ३,०००, म्हणजे ३६.३ टक्के. तीन टक्के तिथेच गेले.

स्टॉप जितका जवळ, तितका हा भार वाढतो. दोन रुपयांचा स्टॉप ठेवून हजाराचा धोका घ्यायचा तर पाचशे शेअर लागतात, उलाढाल तीन लाखांची होते आणि खर्च १५० च्या वर जातो. त्यात टार्गेटही दोनच रुपयांचं, म्हणजे १:१ असेल, तर ५० टक्क्यांऐवजी ५७.६ टक्के जिंकावं लागतं. नाण्यापेक्षा साडेसात टक्के वरचढ राहणं, तेही रोज, हे फार अवघड आहे.

सेबीने जुलै २०२४ मध्ये कॅश सेगमेंटमधल्या इंट्राडेचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२२-२३ या आर्थिक वर्षात दहापैकी सात वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते, आणि तोट्यातल्यांनी सरासरी आपल्या तोट्याच्या ५७ टक्के एवढी रक्कम वर खर्चापोटी भरली होती. हा आकडा वाचल्यावर मी रोज संध्याकाळी कॉन्ट्रॅक्ट नोट उघडायला लागलो.

## ४. ठरवलेलं सोडा, झालेलं मोजा

ट्रेडबुकमध्ये एका ट्रेडची खरेदी आणि विक्री वेगवेगळ्या ओळींत असते. कधी दोनशे शेअर चार तुकड्यांत भरले जातात आणि चार ओळी दिसतात. आधी प्रत्येक ट्रेडची एकच ओळ करा. तुकडे वेगळे मोजलेत तर विन रेट चुकतो. मी पहिल्यांदा हेच केलं आणि साठचे ब्याण्णव ट्रेड झाले.

मग एच कॉलममध्ये खर्च वजा करून उरलेला नफा-तोटा भरा आणि ही सूत्रं लावा:

```
=COUNTIF(H2:H61,">0")/COUNT(H2:H61)
=AVERAGEIF(H2:H61,">0")
=ABS(AVERAGEIF(H2:H61,"<0"))
```

पहिलं विन रेट देतं, दुसरं सरासरी नफा, तिसरं सरासरी तोटा. माझे आकडे आले: विन रेट ४५ टक्के, सरासरी नफा १,१५० रुपये, सरासरी तोटा १,२२० रुपये. ठरवलेलं १:२ प्रत्यक्षात १:१ च्याही खाली होतं. या दोन सरासऱ्यांवरून ब्रेकइव्हन काढला तर १,२२० भागिले २,३७०, म्हणजे ५१.५ टक्के. मला ५१.५ टक्के जिंकणं भाग होतं आणि मी ४५ टक्के जिंकत होतो. एका ट्रेडमागे १५३ रुपयांच्या आसपास जात होते. साठ ट्रेडचे ते ९,२१०.

असं का झालं ते पाहायला ट्रेड दोन ढिगांत वेगळे केले.

तेहतीस तोट्यांपैकी अठ्ठावीस ठीक होते. तिथे खर्च सोडून सरासरी १,०१० रुपये गेले. वरचे दहा रुपये स्लिपेजचे, म्हणजे ५९५ ची एसएल-मार्केट ऑर्डर कधी ५९४.९० ला भरली जाते तसे. उरलेल्या पाच ट्रेडमध्ये मात्र सरासरी १,८०० गेले. त्या पाचही वेळा भाव ५९५.५० वर आला असताना मी हाताने स्टॉप खाली सरकवला होता. या पाच ट्रेडमुळे जास्तीचे जवळपास चार हजार गेले.

नफ्याचा ढीग अधिक बोलका निघाला. सत्तावीसपैकी फक्त नऊ ट्रेड टार्गेटला गेले होते. बाकीचे अठरा मी मधेच विकले होते, सरासरी ८६० रुपयांवर. त्यातला एक बँकेच्या शेअरचा ट्रेड मला चांगला आठवतो. ६०० ला घेतला, वीस मिनिटांत ६०६ झाला. मग एक लाल कॅन्डल आली, ६०५, ६०४.५०. स्क्रीनवरचा हिरवा आकडा १,२०० वरून ९०० वर आला आणि माझं बोट एक्झिटवर गेलं. ६०४.३० ला विकला. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी तो शेअर ६१० च्या वर होता.

आता पहिल्या हिशोबातली चूक दिसते. ४५ टक्के हा विन रेट ६०४ ला विकणाऱ्या माणसाचा होता. १:२ हे रिस्क-रिवॉर्ड ६१० पर्यंत थांबणाऱ्याचं होतं. ही दोन वेगळी माणसं, दोन वेगळ्या स्ट्रॅटेजी. मी एकाचा विन रेट घेऊन दुसऱ्याच्या टार्गेटला गुणला आणि २१,००० चा फायदा कागदावर उभा केला. विन रेट आणि सरासरी नफा-तोटा एकाच एक्झिटच्या नियमातून, एकाच काळातल्या ट्रेडमधून आलेले असतील तरच त्यांना एकत्र मांडा.

याच जागी माझा मामेभाऊही अडकला होता. तो मला म्हणाला होता, "दादा, दहातले सात ट्रेड माझे बरोबर येतात, मग पैसे जातात कुठे?" त्याची ट्रेडबुक मांडली. जिंकलेल्या ट्रेडला सरासरी ४०० मिळत होते, हरलेल्याला १,१०० जात होते. त्याला ७३.३ टक्के जिंकणं गरजेचं होतं. ७० टक्के जिंकूनही त्याचे दर ट्रेडला पन्नास रुपये जात होते.

## ५. लवकर विकलेले ट्रेड चार्टवर पुन्हा चालवा

"मग टार्गेटपर्यंत थांबा" असा सल्ला लगेच सुचतो. पण थांबल्यावर काही ट्रेड उलटतात आणि विन रेट पडतो. किती पडतो, हे अंदाजाने ठरवू नका, मोजा.

मी अठराही ट्रेडचे पाच मिनिटांचे चार्ट उघडले. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: मी विकल्यानंतर आधी ६१० आला की आधी ५९५? चौदा ट्रेड टार्गेटला गेले होते, चार स्टॉपला. एखादा ट्रेड दोन्हीकडे न जाता दिवस संपवत असेल, तर तिथे ३:१५ चा भाव धरा, कारण त्या सुमारास ब्रोकर इंट्राडे पोझिशन आपोआप कापतो. माझ्या बहुतेक एन्ट्री साडेदहाच्या आतल्या असल्याने मला ती वेळ आली नाही.

हे करताना तीन जागी घसरायला होतं.

एक, पाच मिनिटांच्या एकाच कॅन्डलमध्ये टार्गेट आणि स्टॉप दोन्ही आले असतील तर आधी काय आलं ते कळत नाही. एक मिनिटाचा चार्ट पाहा. तिथेही कळलं नाही तर तोटा धरा.

दोन, भाव ६०९.९५ पर्यंत गेला आणि परतला, तर तो टार्गेटला गेलेला नाही. ६१० ला लागला तरी तुमची लिमिट ऑर्डर रांगेत मागे असू शकते. मी टार्गेटच्या दहा पैसे पुढे भाव गेला असेल तरच जिंकलेला धरला.

तीन, जे ट्रेड तुम्ही जिंकलात त्यांतही स्टॉप सरकवून वाचवलेले आहेत का ते पाहा. मूळ ५९५ आधी तुटला असेल तर तो ट्रेड तोट्यात लिहा. नफ्याच्या ओळीत बसलेला असा ट्रेड दोन्ही आकडे खोटे करतो.

आता नव्याने हिशोब: नऊ अधिक चौदा, तेवीस ट्रेड जिंकलेले, प्रत्येकी २,०००. तेहतीस अधिक चार, सदतीस हरलेले, प्रत्येकी १,०१०, म्हणजे ते पाच सरकवलेले स्टॉपही जागेवर ठेवून. ४६,००० वजा ३७,३७०, त्यातून साठ ट्रेडचा खर्च ५,४०० वजा. हातात ३,२३०.

विन रेट ४५ वरून ३८.३ टक्क्यांवर आला आणि तोट्याचं खातं फायद्यात आलं. या हिशोबाला लागणारा ब्रेकइव्हन ३६.५ टक्के आहे, म्हणजे मी त्याच्या जेमतेम वर आहे. कागदावरचे २१,००० कधी नव्हतेच. जास्तीत जास्त हे तीन हजार होते.

तुमचा निकाल उलटाही लागू शकतो. अठरापैकी फक्त बारा ट्रेड टार्गेटला गेले असते तर एकवीस जिंकलेले, विन रेट ३५ टक्के, आणि सगळं शिस्तीत करूनही २,७९० रुपये तोटा. तसं आलं तर दोष एक्झिटचा नाही, एन्ट्रीच नाण्याच्या जवळ आहे. मग मधलं एखादं टार्गेट, समजा ६०७, त्याच ट्रेडवर तपासून पाहू शकता. पण दहा वेगवेगळी टार्गेट तपासून त्यातलं सर्वांत चांगलं निवडू नका. ते त्या साठ ट्रेडना नेमकं बसतं, पुढच्या साठांना बसेलच असं नाही.

स्टॉप आणि टार्गेट दोन्ही दुप्पट करून खर्चाचा भार हलका करता येतो का, हेही मी पाहिलं. दहा रुपयांचा स्टॉप, वीसचं टार्गेट, शंभर शेअर. खर्च ९० वरून ६४ वर आला, ब्रेकइव्हन ३६.५ वरून ३५.७. फायदा आहे, पण ६०० च्या शेअरला एका दिवसात एन्ट्रीपासून वीस रुपये, म्हणजे तीन टक्क्यांच्या वर हलावं लागतं. बहुतेक दिवशी तेवढं होत नाही आणि ट्रेड ३:१५ ला अधांतरी कापला जातो. पोझिशन काही दिवस ठेवणाऱ्यांना ही वाट सोपी आहे, पण तिथे डिलिव्हरीचा एसटीटी लागतो, खरेदी आणि विक्री दोन्हीवर ०.१ टक्का. तो हिशोब वेगळा मांडावा लागेल.

## ६. सलग तोट्यांसाठी रक्कम बाजूला ठेवा

३८ टक्के विन रेट म्हणजे दर ट्रेडला हरण्याची शक्यता जवळपास ६२ टक्के. अशा पद्धतीत साठ ट्रेडमध्ये कुठेतरी सलग सात तोटे येण्याची शक्यता साधारण निम्मी असते. त्यात काही बिघडलेलं नसतं, त्या विन रेटचा तो स्वभावच आहे. विन रेट ६५ टक्के असणाऱ्याला असे सलग सात क्वचितच दिसतील, शंभरात दोनेक वेळा.

माझ्या हिशोबात सात तोटे म्हणजे ७,७०० रुपये. खात्यात एक लाख असल्याने ते आठ टक्क्यांच्या आत बसतं. पण कुणी पंचवीस हजारांवर हाच हजाराचा धोका घेत असेल, तर आठवड्याभरात तीस टक्के भांडवल जातं आणि त्यानंतर नियम पाळणं माणसाच्या हातात राहत नाही. पाचव्या तोट्यानंतर सहाव्या ट्रेडला ६०४ ला विकावंसं वाटतंच. मला वाटलं होतं, आणि ते अठरा ट्रेड बहुतेक अशाच दिवसांतले होते. म्हणून धोक्याची रक्कम ठरवताना एका ट्रेडकडे न पाहता सलग सात-आठ तोट्यांकडे पाहा. ते पचत नसतील तर हजाराचे चारशे करा. मात्र ब्रोकरेज त्याच मापाने कमी होत नाही, म्हणून तिसरी पायरी पुन्हा मोजा.

कमी विन रेटची ही घुसमट नको म्हणून काही जण ऑप्शन विकण्याकडे वळतात, जिथे दहातले नऊ ट्रेड जिंकता येतात. नऊ वेळा ५०० मिळाले आणि एकदा ६,००० गेले, तर तिथे ९२.३ टक्के जिंकावं लागतं. नव्वद टक्के जिंकूनही ट्रेडमागे दीडशे रुपये जातात, आणि तो एक मोठा तोटा तीन महिन्यांच्या नोंदीत आलाच नसेल तर ट्रेडबुक पूर्ण हिरवी दिसते. सरासरी तोटा काढायला पुरेसे तोटे झाले आहेत का, हे अशा ठिकाणी सर्वांत आधी पाहा.

## ७. आकड्यावर किती विसंबायचं, ते ठरवा

साठ ट्रेडवर ३८.३ टक्के आले. पण साठ ही छोटी संख्या आहे. विन रेट किती हलू शकतो याचं सोपं माप:

```
=SQRT(p*(1-p)/n)
```

पी म्हणजे विन रेट, एन म्हणजे ट्रेडची संख्या. माझ्यासाठी हे ०.०६३ येतं, म्हणजे सव्वासहा टक्के. खात्रीसाठी त्याची दुप्पट दोन्ही बाजूंना धरायची. तर माझा खरा विन रेट २६ ते ५१ टक्क्यांत कुठेही असू शकतो. ब्रेकइव्हन ३६.५ त्याच्या पोटातच आहे. म्हणजे ३,२३० रुपये दिसत असूनही स्ट्रॅटेजी कमावते की नाही, हे मला साठ ट्रेडवरून सांगता येत नाही.

आणखी किती ट्रेड लागतील? ३८.३ आणि ३६.५ मधलं अंतर दोन टक्क्यांहूनही कमी आहे. एवढं बारीक अंतर खात्रीने वेगळं दिसायला जवळपास तीन हजार ट्रेड लागतील. रोज एक या वेगाने ती बारा वर्षं झाली. हेच अंतर दहा टक्क्यांचं असतं, म्हणजे खरा विन रेट साडेशेचाळीसच्या आसपास असता, तर शंभरेक ट्रेडमध्ये चित्र स्पष्ट झालं असतं.

हे कळल्यावर मी दोन गोष्टी केल्या. धोका हजारावरून चारशेवर आणला, कारण अजून काही सिद्ध झालेलं नाही. आणि एन्ट्रीला एक अट जोडली: निफ्टीसुद्धा स्वतःच्या पहिल्या पंधरा मिनिटांच्या हायच्या वर असेल तरच खरेदी. जुन्या साठ ट्रेडवर ही अट लावली तर एकेचाळीस ट्रेड उरतात. त्यांचा विन रेट मी मुद्दाम लिहीत नाही, कारण अट तेच ट्रेड पाहून सुचली आहे आणि त्यावरचा आकडा चांगला दिसणारच. मोजणी नव्या ट्रेडपासून सुरू केली आहे. वहीत चारच रकाने आहेत: मूळ स्टॉप, मूळ टार्गेट, प्रत्यक्ष एक्झिट, आणि नियम पाळला की नाही. शंभर ट्रेड होईपर्यंत नियम बदलायचा नाही. शंभराव्या ट्रेडनंतर ब्रेकइव्हन आणि विन रेट शेजारी लिहायचे. विन रेट ब्रेकइव्हनच्या खाली असेल तर ही एन्ट्री सोडून द्यायची. वर असेल तर धोका चारशेच ठेवून पुढचे शंभर. आज सकाळी बत्तिसावा ट्रेड झाला.